खाडीच्या रस्त्याची दुसरी फेरी

माझं काम काय, हे घरच्यांना समजावून सांगायला मला बरेच दिवस लागले. गाडीच्या पुढच्या काचेला आतून एक छोटा कॅमेरा चिकटवलेला असतो. गाडी रस्त्याने जाते आणि कॅमेरा समोरचा रस्ता टिपत जातो. चित्राबरोबर ती जागा पृथ्वीवर नेमकी कुठे आहे, याचीही नोंद होते. ते चित्रीकरण ऑफिसात आणून संगणकाला दाखवायचं. संगणकाला हजारो खड्डे आधी दाखवून शिकवलेलं असतं, त्यामुळे खड्डा दिसला की तो त्याभोवती लाल चौकट काढतो. भेगांना पिवळी चौकट, जुन्या डांबरी ठिगळांना निळी. मग मी बसून त्या चौकटी तपासते.

आई म्हणाली, "म्हणजे खड्डे बघायचा पगार?"

वहिनी म्हणाली, "मग आमच्या गावातल्या सगल्यांना पगार द्यायला पायजे. आमी रोजच बघतो."

वहिनी म्हणजे माझ्या मोठ्या भावाची बायको. आमच्या घरात पहिली पदवी माझी, आणि ती वहिनीमुळे झाली, हे मी कुठेही सांगते. आमचं गाव रेवसच्या बाजूला खाडीकाठी आहे. तिथून अलिबागच्या कॉलेजला वेळेत पोचवणारी एकच गाडी, वस्तीची. रात्री गावात मुक्कामाला येणारी एसटी, पहाटे तीच पहिली सुटते. मला ती मिळावी म्हणून वहिनीने माझ्या वाटणीचं पाणी भरलं, भाकऱ्या थापल्या, भातलावणीत माझ्या जागी ती चिखलात उभी राहिली. मी नोकरीला लागले आणि अलिबागेत खोली घेऊन राहू लागले, तेव्हा कुठे तिने स्वतःसाठी काम शोधलं. अलिबागच्या इस्पितळाच्या स्वयंपाकघरात. पहाटे पोचावं लागतं, आणि तिलाही तीच वस्तीची गाडी धरावी लागते. लग्नानंतर पहिल्यांदा ती घराबाहेर कामाला जात होती. ती पोळ्या लाटते, पण सांगताना म्हणते, "पेशंट लोक माझ्या हातची पोळी मागतात."

त्या वर्षी उन्हाळ्यात एसटी डेपोतून गावात निरोप आला, की रस्ता पावसाआधी नीट झाला नाही तर वस्तीची गाडी गावात येणार नाही, फाट्यावरूनच परत फिरेल. फाटा गावापासून लांब. मधला रस्ता खारभूमीच्या बांधाला लागून जातो. एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला मिठाने पांढरी पडलेली शेतं. दिव्याचा खांब नाही, झाड नाही. पहाटेच्या अंधारात एकट्या बाईने पावसात तिथून चालत जायचं म्हणजे नोकरी सोडायची, असाच त्याचा अर्थ होता.

नेमकं त्याच वेळी आमच्या कंपनीला बांधकाम खात्याकडून तालुक्यातल्या रस्त्यांच्या पाहणीचं काम मिळालं. कंपनी म्हणजे एक भाड्याचं ऑफिस, एक गाडी, एक चालक, मी आणि आमचे सर. सर अभियंता, माझ्यापेक्षा थोडेच मोठे, नवी मुंबईहून येऊन-जाऊन असायचे. आम्ही दिलेल्या आकड्यांवरून रस्त्यांचा क्रम लागणार होता आणि ज्यांची अवस्था सगळ्यात वाईट, ते पावसाआधी दुरुस्त होणार होते. यादीत आमच्या गावाचा रस्ताही होता. मला वाटलं, झालं. एवढा वाईट रस्ता, त्याला कोण मागे ठेवणार?

चित्रीकरणाला चालककाका एकटेच जायचे. काका पेणकडचे, बरीच वर्षं ट्रक चालवून आता कंबरेने नको म्हटल्यावर आमच्याकडे आलेले. गाडी त्यांच्या मालकीची नव्हती, पण तिचे स्प्रिंगचे पाटे म्हणजे स्वतःच्या बरगड्या असाव्यात अशी ते तिची काळजी घ्यायचे.

आमच्या रस्त्याचं चित्रीकरण संगणकातून निघून माझ्यासमोर आलं, तेव्हा मी आधी शेवटचा रकाना पाहिला. प्रत्येक शंभर मीटरच्या तुकड्याला एक शेरा मिळतो. आमच्या रस्त्याला फाट्यापासून गावापर्यंत जवळपास सगळीकडे 'चांगला' होता.

मला वाटलं, दुसऱ्याच रस्त्याचं चित्रीकरण चुकून आलं असेल. उघडून पाहिलं. खाडी आमचीच, भरतीचं पाणी अडवणाऱ्या उघडीची दारं आमचीच. पण कॅमेऱ्यासमोर डांबर नव्हतंच. समोर मातीची चाकोरी होती.

तेव्हा लक्षात आलं. उन्हाळ्यात शेतं कोरडी पडली की आमच्याकडचं कुणीही त्या डांबरावरून जात नाही. शेताच्या कडेने चाकांनी आपोआप एक वाट पडते. रिक्षा, टेम्पो, एसटीसुद्धा तिथूनच जाते. काकांनीही शहाण्या माणसासारखी गाडी खाली उतरवली होती, जातानाही आणि येतानाही.

तरी उजवीकडे, चित्राच्या कडेला, खड्डे दिसत होते. संगणकाने त्यांच्याभोवती चौकटीही काढल्या होत्या, पण त्या फिकट होत्या, मोजणीबाहेरच्या. आमची पद्धत अशी, की गाडीच्या थेट समोरचा पट्टा तेवढा मोजायचा. प्रत्येक रस्ता आम्ही जाऊन-येऊन टिपतो. पलीकडच्या बाजूचा खड्डा परतताना समोर येणारच, मग तो दोनदा धरला जाऊ नये, म्हणून ही सोय. दुपदरी रस्त्यावर ती चोख चालते. आमच्या रस्त्यावर संगणक दोन्ही वेळा माती बघत राहिला आणि मातीत त्याला खड्डा सापडला नाही.

मी काकांना विचारलं.

"मग काय गाडी खड्ड्यात घालू?" काका म्हणाले. "मॅडम, तुमच्या गावचा रस्ता हाय तो. तुमाला म्हायती नाय काय? तिथं म्हैस पण डांबरावरून चालत नाय."

"पण काका, आपल्याला डांबरच बघायचं होतं ना."

"आता हे खरं बोललात," काका म्हणाले. "म्या रस्ता बघून गाडी चालवली, कॅमेरा बघून नाय चालवली."

सर आले तेव्हा मी त्यांना सगळं दाखवलं आणि विचारलं, या फिकट चौकटी मी हाताने मोजणीत घेऊ का? तशी सोय असते. संगणकाचं चुकलेलं माणसाने दुरुस्त करायचं, त्यासाठीच तर मी होते. माडाच्या झावळ्यांची सावली रस्त्यावर पडली की त्याला खड्डा वाटतो, ओल्या डागाला तो खड्डा म्हणतो, आणि पाण्याने काठोकाठ भरलेला खरा खड्डा आभाळासारखा चकाकला की सोडून देतो. अशा चुका मी दिवसभर काढत असे.

सरांनी चित्र थांबवून नीट पाहिलं. मग म्हणाले, "तुझं गाव आहे ना हे?"

"हो सर."

"मग तू याला हात लावायचा नाही. उद्या कुणी विचारलं तर आपलं सगळंच काम खोटं ठरेल. बाकीच्या गावांचंसुद्धा."

मला राग आला नाही. माझ्या जागी दुसरी कुणी असती आणि तिने स्वतःच्या गावचे खड्डे हाताने वाढवले असते, तर मलाही ते पटलं नसतं. मी म्हटलं, "मग पुन्हा चित्रीकरण करू या सर. डांबरावरून. तपासणी तुम्ही करा."

सर तयार झाले. अहवाल द्यायचे दिवस जवळ आले होते, म्हणून गुरुवारी सकाळी एकच फेरी होईल, असं ठरलं. काका कुरकुरले, पण सावकाश, अगदी मधून गाडी न्यायला राजी झाले. रस्ता ओळखीचा म्हणून मीही सोबत जायचं ठरलं.

मंगळवारी मी वहिनीला फोन केला. दोघांचं जेवण ठेव, एवढंच सांगायचं होतं.

"ऑफिसची गाडी घेऊन येतेस?" तिने विचारलं.

"हो. रस्त्याचं परत चित्रीकरण आहे."

"तुझ्या बरोबर सायेब हाय?"

"सर नाहीत गं, पण चित्रीकरण तेच बघणार. त्यावरूनच ठरणार रस्त्याचं."

"बरं बरं," वहिनी म्हणाली. "तू ये बाय. काय काळजी करू नको."

गुरुवारी आम्ही फाट्यावर पोचलो. काकांनी गाडी थांबवून कॅमेऱ्याची काच रुमालाने पुसली, तो सरळ आहे का पाहिलं. "आता धरा," ते म्हणाले, "कंबर गेली तर तुमच्या नावाने गेली," आणि गाडी डांबरावर घातली.

गाडी हादरली नाही.

थोडं पुढे गेलो. काकांनी वेग आणखी कमी केला, मान पुढे काढून पाहिलं. "मॅडम, ह्यो रस्ता त्योच हाय ना?"

तोच होता. जिथे खड्डे होते तिथे तांबडा मुरूम होता. भरून, चोपून, वरून पाणी मारून बसवलेला. काही ठिकाणी मुरूम पुरला नसावा, तिथे शिंपल्यांचा चुरा आणि विटांचे तुकडे. कडेला माणसं उभी होती. आमच्या आळीतले पुरुष, शेजारचे मामा, बचत गटातल्या बायका. कुणाच्या हातात फावडं, कुणाच्या डोक्यावर रिकामं घमेलं. आणि पुढे, उघडीजवळ, वहिनी. पदर खोचलेला, पाय गुडघ्यापर्यंत तांबडे. आमची गाडी पाहून तिने दोन्ही हात वर केले.

काकांनी गाडी थांबवली. मी उतरले. 

"बघ," वहिनी म्हणाली. "बसला एक तरी धक्का?"

"वहिनी, हे कधी केलंत?"

"काल सगला दिवस. पोरांनी टेम्पो आणला, मुरूम ह्या मामांच्या घराच्या पायाभरणीतला उरलेला. मी काल खाडा केला कामावर. म्हटलं, आपली बाय गाडीतून रस्ता बघायला येते, आणि आपण तिला खड्ड्यातून आणायची? सायेबानं बघितलं तर काय म्हणंल, हिच्या गावाला रस्ता नाय?"

आमच्याकडे हे असंच आहे. गणपती यायच्या आधी रस्ता भरतात, लग्नाचं वऱ्हाड यायचं असलं की भरतात, आमदार यायचा असला की भरतात. कुणाला सांगावं लागत नाही. येणाऱ्या माणसाला गावाची लाज दिसू नये, एवढंच. माझ्या जन्मापासून मी हे पाहत आले होते आणि तरीही फोनवर मला ते सुचलं नव्हतं.

मामा पुढे आले. "काय गो, गप का झालीस? काय चुकला काय?"

मी सांगितलं. संगणक खड्डे मोजणार, खड्डे जास्त दिसले तर रस्ता आधी होणार, नाही दिसले तर मागे राहणार. सांगताना माझा आवाज मलाच परका वाटत होता. ज्यांनी आदल्या दिवशी उन्हात घमेली वाहिली, त्यांना मी सांगत होते, की तुम्ही हे करायला नको होतं.

 मग एक म्हातारी हसायला लागली. "म्हणजे मेलं लगनाआधी न्हवरीचं तोंड धुतला, आणि न्हवरा बोलतो मला काळीच पायजे व्हती!"

सगळे हसले. वहिनी हसली नाही.

"मग उकरू या," मामा म्हणाले. "त्यात काय? फावडी हायेतच. तुमी चा घ्या, तवर करतो."

दोघा-तिघांनी खरंच फावडी उचलली. एकाने समोरच्याच खड्ड्यात फावडं घातलंही. मी ओरडले, "नको!"

का नको म्हटलं, याचा मी नंतर पुष्कळ विचार केला. खड्डे खोटे नव्हते. कालपर्यंत तिथेच होते. उकरले असते तर कॅमेऱ्याने खरा रस्ताच टिपला असता. पण फावडी घेऊन रस्ता उकरणारी माणसं मागे, पुढे आमची गाडी, आणि गाडीत मी, त्याच गावची मुलगी. कुणी एकाने मोबाईलवर ते टिपलं असतं, तर रस्ताही गेला असता आणि सरांचं कामही. शिवाय, तो मुरूम वहिनीने चोपला होता. तो तिच्यासमोर उकरायचा, हे माझ्याच्याने बघवलं नसतं.

काका इतका वेळ गाडीला टेकून उभे होते. ते म्हणाले, "म्या फेरी पुरी करतो. जे हाय ते हाय." आणि त्यांनी फेरी पूर्ण केली, जाताना, येताना, अगदी मधून.

जेवायला वहिनीने खाऱ्या पाण्यातली कोळंबी केली होती. काकांनी दोनदा भात घेतला आणि तोंडभरून कौतुक केलं. वहिनी वाढत राहिली. मी निघताना तिने एवढंच विचारलं, "म्हणजे मीच घालवली काय गो गाडी?"

"नाही वहिनी. अजून काही ठरलेलं नाही. पहिल्या फेरीत कडेला खड्डे दिसलेत. मी सरांना सांगते."

ते खोटं नव्हतं, पण पुरतं खरंही नव्हतं, आणि तिला ते कळलं.

सरांनी दुसऱ्या फेरीची तपासणी स्वतः केली. मी शेजारी बसले होते, हात मांडीवर ठेवून. संगणक मुरमाच्या डागांवरून सरळ पुढे जात होता. डांबरी ठिगळ त्याला ओळखता येतं, कारण ते काळं, कडा असलेलं असतं. सुटी तांबडी माती रस्त्यावर पडलेली त्याने हजारदा पाहिलेली, ती त्याच्या लेखी काहीच नव्हती. कुठे कुठे भेगांची पिवळी चौकट आली, कुठे निळी. खाली किती खोल आहे, हे कॅमेऱ्याला दिसतच नाही. त्याला फक्त वरचं तोंड दिसतं.

सगळ्या तुकड्यांचा मिळून शेरा आला, 'मध्यम'.

"सर, हा मुरूम पहिल्या पावसात वाहून जाईल. चित्रात माणसं दिसतायत घमेली घेऊन. ताजं भरलेलं आहे, हे कुणालाही कळेल."

"मला कळतंय," सर म्हणाले. त्यांनी शेऱ्याखाली लिहिलं, की खड्डे सुट्या मुरमाने तात्पुरते भरलेले आहेत. पहिल्या फेरीतली मोजणीबाहेरची चित्रंही त्यांनी जोडली आणि प्रत्यक्ष पाहणी करावी अशी विनंती केली. ते एवढं करतील असं मला वाटलं नव्हतं. मी आभार मानले, तेव्हा ते म्हणाले, "आभार नको मानूस. तिथे टिपण कोण वाचतंय? आकडा वाचतात."

आठवड्याने खात्याकडून उत्तर आलं. टिपण वाचलेलं होतं. पाहणी पावसाळ्यानंतर करण्यात येईल, असं त्यात होतं.

पाऊस लागला आणि मुरूम गेला. शेतातली चाकोरी चिखलात बुडाली, डांबरावरून जाण्यावाचून इलाज राहिला नाही, आणि एसटीने दोन-चार दिवस प्रयत्न करून फाट्यावरून परत फिरायला सुरुवात केली. भावाने वहिनीला काही दिवस मोटरसायकलवरून फाट्यावर सोडलं. त्याची कामावरची पाळी बदलली आणि तेही थांबलं. मी तिला म्हटलं, माझ्या खोलीवर येऊन राहा. ती म्हणाली, म्हशीचं आणि आईचं कोण बघणार?

इस्पितळाच्या मुकादमीणबाईंनी तिला दुपारची पाळी देऊ म्हटलं, पण त्या पाळीत जागा नव्हती. वाट बघायला सांगितलं. वहिनी वाट बघत घरी बसली.

श्रावणातल्या एका रविवारी मी घरी गेले. फाट्यावर उतरून, चपला हातात घेऊन, त्याच रस्त्याने चालत. खड्ड्यांत पाणी भरलेलं होतं. वहिनी ओट्यावर तांदूळ निवडत बसली होती. माझे पाय पाहून तिने बादली पुढे केली.

चहा झाल्यावर ती म्हणाली, "त्या दिवशीचं ते चित्र हाय काय तुझ्याकडं?"

ऑफिसचं चित्रीकरण मोबाईलमध्ये ठेवायचं नसतं. मी ठेवलंही नव्हतं. पण सरांनी टिपणासाठी निवडलेली काही स्थिरचित्रं त्यांनी मला पाठवली होती, बरोबर आहेत ना पाहा म्हणून. ती उघडून मी मोबाईल तिच्या हातात दिला.

तिने चष्मा लावला. एकेक चित्र ती बोटाने मोठं करून बघत होती. "ह्यो मामांचा खड्डा. ह्यो बघ, ह्यो बचत गटाचा, आमी तिघींनी भरला. इथं मुरूम संपला, मग शिंपल्या घातल्या." एका चित्रात उघडीजवळ ती स्वतः होती, हात वर केलेली, अगदी लहान. तिथे ती जरा जास्त वेळ थांबली.

"दिसायला बरा दिसत व्हता, न्हाय?" ती म्हणाली.

"खूप चांगला दिसत होता," मी म्हटलं.

तिने मोबाईल मला परत दिला आणि तांदळाचं सूप पुढे ओढलं. मीही तिच्याजवळ बसून निवडायला लागले.